शेवटच्या खांबावर 318 व्होल्ट: सरपंचांचं पत्र असंच द्यावं का?

सरपंच, तासगाव तालुका
महावितरणच्या उपविभागाला सोमवारी द्यायचं पत्र तयार आहे: "आमच्या गावातील मळ्याच्या डीपीवर विजेचा दाब फार कमी असतो. शेवटच्या खांबावर 415 ऐवजी 318 व्होल्ट मिळतात. दोन महिन्यांत चार मोटारी जळाल्या. तरी दाब वाढवून मिळावा व जळालेल्या मोटारींची भरपाई मिळावी, ही विनंती." डीपी 100 केव्हीएची आहे, तिथून शेवटचा खांब साधारण 900 मीटर, टोकाला आठ पंप, मंजुरी सगळ्यांची 5 एचपीची. यात काय बदलू?

लाइनवरचा जुना माणूस
सरपंच, शेवटच्या खांबाचा आकडा एकटा दिला तर दोष कुठं आहे ते कळत नाही, आणि मग "लोड जास्त आहे, तपासणी करू" एवढंच उत्तर येतं. दोन माणसं लावा. एकानं डीपीच्या एलटी बाजूला मोजायचं, दुसऱ्यानं शेवटच्या पंपाच्या स्टार्टरवर. दोघांनी एकाच मिनिटाला, आठही पंप चालू असताना. आर-वाय, वाय-बी, बी-आर असे तिन्ही आकडे लिहायचे. नंतर सगळे पंप बंद करून तेच पुन्हा. खांबावर कुणी चढायचं नाही, डीपीवरचं मोजमाप वायरमनच्या हातानंच करून घ्या. तो सोबत असला की आकडा नाकारताही येत नाही.

डीपीवरच 370 दिसले तर दुखणं 11 केव्ही फीडरचं, सबस्टेशनकडचं. डीपीवर 408 आणि टोकाला 318, तर मधले 90 व्होल्ट एलटी लाइननं खाल्ले. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांची एस्टिमेटही वेगळी होतात. एकाच फेजच्या दोन जोड्या खाली आणि तिसरी ठीक असेल तर लोडचा विषयच नाही. कुठंतरी जंपर ढिला आहे नाहीतर जळका जोड आहे, ते एका दिवसाचं काम.

विट्याचा बागायतदार
मला हे पत्रच पटत नाही. मंजुरी 5 एचपीची आणि विहिरीत साडेसात, हे कुठल्या डीपीवर नाही? तपासणी आली की आधी आपणच सापडणार. त्यापेक्षा सगळ्यांनी कपॅसिटर बसवा, 5 एचपीला 2 केव्हीएआरचा. व्होल्टेजचा प्रश्न तिथंच मिटतो.

लाइनवरचा जुना माणूस
कपॅसिटर बसवाच, पण मिटतो म्हणू नका. टोकाला आठ पंप म्हणजे सुरुवातीला 60 अँपियर, दाब पडला की 70 च्या घरात. वीझलची बारीक तार असेल तर 900 मीटरला 90 ते 100 व्होल्ट पडणारच. कपॅसिटरनं त्यातले दहा-बारा परत येतात. 318 चे 330 झाले, मोटार तशीच तापते.

पण तपासणीची भीती म्हणून गप्प बसणं चुकीचं. जास्तीचा लोड आधी अर्ज करून नियमित करून घ्या आणि खरा लोड पत्रात लिहा. वाढीव डीपी खऱ्या लोडवरच मंजूर होते. लोड लपवला तर ती कागदावर बसतच नाही.

मोटार रिवाइंडिंग, मिरज
त्या चार मोटारींची वायंडिंग कुणी पाहिली का? भरपाई मागायच्या आधी ते बघा. दाब कमी असताना मोटार जळते तेव्हा तिन्ही फेजची कॉईल सारखीच काळी पडते. एक फेज गेल्यानं जळाली तर स्टार जोडणीत दोन फेज जळतात, तिसरी नव्यासारखी राहते. डेल्टात एकच जळते. चारपैकी दोन मोटारी तशा निघाल्या तर "कमी दाबानं जळाल्या" हे वाक्य तिथंच कोसळतं. कॉईल कापून टाकण्याआधी फोटो काढायला सांगा.

आणि ओव्हरलोड रिले बघा. 318 ला मोटार 415 च्या तुलनेत सुमारे सव्वापट ते 1.3 पट करंट ओढते. साडेसात अँपियरची दहाच्या आसपास जाते, उष्णता दीडपटीच्या वर. रिले ट्रिप मारतो म्हणून लोक काटा बारावर नेऊन ठेवतात. मग जळायला आडकाठी कसली राहिली? काटा नेमप्लेटच्या करंटवरच हवा.

विट्याचा बागायतदार
काटा नेमप्लेटवर ठेवला तर पाणीच निघत नाही. आठ तासांची वीज, त्यात बाग कशी भिजवायची?

मोटार रिवाइंडिंग, मिरज
खरं आहे. 318 वर आठ तास नीट चालेल अशी सेटिंग माझ्याकडे नाही.

जतचा एक जण
आमच्याकडे घरात संध्याकाळी पंखा फिरत नाही, 160 व्होल्ट. मी स्टॅबिलायझर घेतला, झकास चालतंय. पंपालाही मोठा बसवा की.

लाइनवरचा जुना माणूस
घरचा पंखा सिंगल फेजवर, विषय वेगळा. पंपाला सर्वो बसवला तर त्या एकाची मोटार वाचेल. पण तो लाइनमधून करंट जास्तच ओढणार, म्हणजे शेजारच्या सातांचा दाब आणखी खाली.

त्यापेक्षा बिनखर्चाचं एक सांगतो. ऑटो स्टार्टर असतील तर वीज येताच आठही मोटारी एकदम उठतात. उठताना करंट पाच-सहापट, त्यात दाब एवढा पडतो की एकही धड उठत नाही, नुसत्या घुमतात आणि तिथंच जळतात. ऑटोतला टायमर पहिल्याला 30 सेकंद, दुसऱ्याला 60, तिसऱ्याला 90 असा लावा. आजच करता येईल.

सरपंच, तासगाव तालुका
ऑटो सगळ्यांकडे आहेत, टायमर कुणी बघितलेला नाही. आज संध्याकाळी बघतो. मग पत्रात मागणी काय लिहू? जाड तार मागू का?

लाइनवरचा जुना माणूस
जाड तार मागू नका. वीझल काढून रॅबिट ओढली तरी 90 चे 60 होतील, टोकाला 348. नियमात एलटीला 6 टक्क्यांची सूट आहे, 415 धरले तर 390 च्या खाली जाऊ नये. म्हणजे जाड तारेनंही भागत नाही. टोकाजवळ 63 केव्हीएची वेगळी डीपी आणि तिथपर्यंत 11 केव्ही लाइन, ही मागणी करा. आठ पंपांचे 60 अँपियर 63 ला झेपतात, जुन्या डीपीचाही भार उतरतो. "दाब वाढवून मिळावा" हे वाक्य काढून तिथं हे लिहा.

पलूसचा ग्राहक
एक बाकी आहे. सरपंच म्हणून दिलेलं पत्र उपविभागात चालेल, पण पुढं ग्राहक तक्रार निवारण मंचात तक्रारदार ग्राहक लागतो. आठही जणांचे ग्राहक क्रमांक, मंजूर लोड आणि सह्या जोडा, ग्रामसभेचा ठराव सोबत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. भरपाईची मागणी वेगळ्या अर्जात करा. एकाच कागदावर असली की भरपाईच्या वादात डीपी अडकते.

विट्याचा बागायतदार
वेगळा अर्ज पटला. पण भरपाई सोडायची नाही. मोटार जळाली, बाग सुकली, हे कोण भरणार?

मोटार रिवाइंडिंग, मिरज
म्हणूनच आधी वायंडिंगचे फोटो.

सरपंच, तासगाव तालुका
सोमवारी पत्र देत नाही. उद्या वायरमनला घेऊन दोन्हीकडचे आकडे घेतो. चारपैकी दोन मोटारी अजून उघडलेल्या नाहीत, त्या मिरजेला पाठवतो. आठांपैकी दोन मोटारी प्रत्यक्षात साडेसात एचपीच्या आहेत, त्यांच्या लोडवाढीचा अर्ज आधी लावतो.