मदत हवी आहे: काहीतरी नवीन शिकायचे आहे

कुतूहल
मला काहीतरी नवीन शिकायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रगतिपथ
तुम्ही सध्या कोणत्या क्षेत्रात काम करता, ते कळल्यास नेमके सुचवता येईल. डेटा विश्लेषणाला मागणी चांगली आहे. सहा महिन्यांचा एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, तर नोकरी बदलतानाही त्याचा उपयोग होतो.

कुतूहल
आभारी आहे, परंतु मला नोकरीसाठी काही नको आहे. वय बावन्न आहे आणि प्रमाणपत्रे पुरेशी झाली आहेत. विषय कोणता, हे माझे मलाच ठाऊक नसल्यामुळे पहिल्या संदेशात एकच वाक्य लिहिले.

नभोवाचक
मग विषयाचे बाजूला ठेवू. गेल्या आठ-पंधरा दिवसांत एखादी गोष्ट पाहून तुम्ही क्षणभर थबकलात आणि "हे असे कसे?" असे मनात येऊन पुढे विसरलात, असे काही घडले आहे का? क्षुल्लक असले तरी लिहा.

कुतूहल
एक आहे, पण सांगताना थोडा संकोच वाटतो. परवा दुपारी चार वाजता गच्चीवर गेलो असता आकाशात चंद्र दिसला. चंद्र रात्रीचा, असे इतकी वर्षे गृहीत धरले होते. तो दुपारी तिथे काय करत होता, असा प्रश्न पडला आणि खाली येईपर्यंत विसरलोही.

नभोवाचक
यात संकोचण्यासारखे काही नाही. याच एका प्रश्नावर पंधरा दिवस काम करता येईल आणि त्यासाठी एक वही व स्वतःचा हात, एवढेच साहित्य लागेल.

हात डोळ्यांसमोर पूर्ण ताणून मूठ वळली, की मुठीची रुंदी आकाशाचे साधारण १० अंश झाकते आणि करंगळीची रुंदी साधारण १ अंश. उंच माणसाची मूठ मोठी असली तरी हातही लांब असतो, त्यामुळे हे माप बहुतेकांना लागू पडते. तरीही आधी पडताळा घ्या. क्षितिजापासून सुरुवात करून मुठीवर मूठ रचत थेट डोक्यावरच्या बिंदूपर्यंत जा. हे अंतर ९० अंशांचे असल्यामुळे नऊ मुठी भरायला हव्यात. सातच भरल्या, तर कोपर वाकते आहे असे समजा; मूठ डोळ्याजवळ आली की ती जास्त आकाश झाकते.

आता मुख्य काम. सूर्य मावळला, की लगेच त्या जागेपासून चंद्रापर्यंत सरळ तिरक्या रेषेत मुठी मोजायच्या आणि वहीत तारीख, वेळ, मुठी व चंद्राचा आकार नोंदवायचा. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत त्या दिशेला रोखून पाहू नका. हे रोज करा आणि आकड्यांत काय दिसते, ते मला सांगा. मी आत्ताच उत्तर सांगितले, तर तुमचे पंधरा दिवस मी खाल्ल्यासारखे होईल.

सरळरेषा
इतका खटाटोप कशाला? उत्तर सोपे आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे कधी तो दिवसा दिसतो, कधी रात्री. पृथ्वीची सावली त्याच्यावर कमी-जास्त पडते, म्हणून त्याच्या कला दिसतात. शाळेत हे झालेले असते.

नभोवाचक
५० मिनिटांची गोष्ट सरासरी म्हणून बरोबर आहे, रोजचा फरक मात्र कमी-जास्त होतो. सावलीची गोष्ट बरोबर नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, तेव्हा चंद्रग्रहण होते, आणि ते फक्त पौर्णिमेलाच शक्य असते. कुतूहल यांनी दुपारी पाहिलेल्या चंद्राचाच विचार करा. त्या वेळी सूर्य आणि चंद्र दोघेही क्षितिजाच्या वर होते. पृथ्वीची सावली तर नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे त्या क्षणी पायांखाली, पसरलेली होती. मग वर आकाशात असलेल्या चंद्राचा काही भाग त्या सावलीने कसा झाकला?

सरळरेषा
हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. मी मात्र चित्रात सावलीच पाहिल्याचे आठवते.

नभोवाचक
ते चित्र बहुधा ग्रहणाचे असावे. दुपारी सूर्य व चंद्र दोन्ही दिसत असताना मातीचा एखादा लहान गोळा उन्हात, हात ताणून, चंद्राच्या अगदी शेजारी धरून पाहा. गोळ्याचा जेवढा भाग उजळलेला दिसेल, तेवढाच चंद्राचा दिसेल, आणि तोही त्याच बाजूचा. टेबल टेनिसचा चेंडू शक्यतो घेऊ नका. त्यातून प्रकाश थोडा आरपार जातो आणि उजेड-अंधाराची सीमा पुसट होते.

गच्चीवाली
विषय निघालाच आहे, तर माझे सांगते. मलाही असाच उत्साह आला होता आणि मी पहिल्याच आठवड्यात दुर्बीण घेतली. चंद्र दोन रात्री पाहिला, तिसऱ्या रात्री तो दुर्बिणीत सापडेना, कारण तो आकाशात कुठे असेल हेच मला माहीत नव्हते. दुर्बीण आता कपाटावर आहे. तिची भिंगे बुरशी न येता कशी ठेवावीत, हे कोणी सांगेल का?

नभोवाचक
बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पाहा आणि त्या वेळोवेळी बदला. बुरशी आधीच धरली असेल, तर भिंग स्वतः पुसू नका. बाकी दुर्बिणीसाठी वेगळा धागा काढलात, तर अधिक जाणकार लोक उत्तर देतील.

कुतूहल
पाच दिवसांच्या नोंदी देत आहे. डोक्यापर्यंत नऊ मुठी भरतात, हे आधी पाहून घेतले. पहिल्या खेपेस आठच भरल्या होत्या आणि दोष कोपराचाच होता.

पहिल्या दिवशी चार मुठी, चंद्र कोरीहून थोडा जाड. दुसऱ्या दिवशी सव्वापाच. तिसऱ्या दिवशी ढग. चौथ्या दिवशी पावणेसात. पाचव्या दिवशी नऊ, आणि चंद्र बरोबर अर्धा.

अंतर वाढत जाते, एवढे कळले, पण वाढ सारखी नाही. पहिल्या दोन दिवसांत सव्वा मूठ वाढली. नंतरच्या दोन दिवसांत मिळून फक्त दीड आणि शेवटच्या एका दिवसात एकदम सव्वादोन. चंद्र इतका लहरी आहे का?

नभोवाचक
चंद्राची गती थोडी कमी-जास्त होते, पण इतकी नव्हे. चौथ्या दिवशीची वेळ वहीत पाहा.

कुतूहल
त्या दिवशी घरी पोहोचायला उशीर झाला होता. सूर्य मावळल्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी मोजले. सूर्य जिथे मावळतो ती जागा ठाऊक असल्यामुळे चालेल, असे वाटले.

नभोवाचक
तिथेच घोळ झाला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशातले सगळे दर तासाला १५ अंश पश्चिमेकडे सरकते, म्हणजे चाळीस मिनिटांत १० अंश, तुमची एक पूर्ण मूठ. तेवढ्या वेळात चंद्र त्या जागेकडे एक मूठ खाली आला आणि सूर्य मात्र त्याच प्रमाणात क्षितिजाखाली गेला होता. तुम्ही सूर्याच्या जुन्या जागेपासून मोजलेत, त्यामुळे एक मूठ गळाली. ती परत घाला: पावणेसातऐवजी पावणेआठ. आता ओळ पाहा, चार, सव्वापाच, एक दिवस रिकामा, पावणेआठ, नऊ. रोजची वाढ सव्वा मुठीच्या आसपास येते, म्हणजे साधारण १२ अंश.

चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे जातो आणि सूर्यही त्याच दिशेने सुमारे १ अंश जातो. उरतात ते १२. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातले हेच १२ अंशांचे अंतर, आणि ३० तिथींत ३६० अंश पुरे होतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही वहीतच आहे. अर्ध्या चंद्राच्या दिवशी तो सूर्याच्या नऊ मुठी, म्हणजे आकाशाचा पाव फेरा, मागे आहे. आकाशाला पूर्ण फेरा घालायला २४ तास लागतात, तर पाव फेऱ्याला किती? सहा. म्हणून तो सूर्यानंतर सहा तासांनी, दुपारच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. चार वाजता तो गच्चीवर दिसणारच.

सरळरेषा
मातीचा गोळा करून पाहिला. उजळलेला भाग तंतोतंत जुळला. सावलीचे विधान मागे घेतो. मग पौर्णिमेचा चंद्र उगवताना मोठा दिसतो, तो तरी जवळ असल्यामुळे ना?

नभोवाचक
नाही. उगवणारा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून किंचित दूरच असतो, जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढा. करंगळीने मोजा, तो दोन्ही वेळा करंगळीच्या निम्म्या रुंदीचाच भरेल. मोठेपणा आपल्याला वाटतो, एवढे निश्चित. तो का वाटतो, याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे आहेत आणि त्यांतले कोणतेही एक सर्वांनी मान्य केलेले नाही.

कुतूहल
एक गोष्ट मात्र बसत नाही. अर्ध्या चंद्राची उजळ बाजू सूर्याकडे असायला हवी, हे गोळ्यावरून पटले. परंतु सूर्य मावळताना पाहिले, तेव्हा सूर्य खाली क्षितिजावर होता आणि चंद्राची उजळ बाजू त्याच्याकडे खाली न वळता जवळजवळ आडवी, क्षितिजाला समांतर दिसत होती. गोळा खोटे बोलतो, की चंद्र?

नभोवाचक
दोघेही नाहीत, आपली नजर फसते. हे तुम्ही आपणहून टिपलेत, पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. एक दोरा घ्या आणि दोन्ही हातांत घट्ट ताणून डोळ्यांसमोर धरा. एक टोक चंद्रावर आणि दुसरे सूर्य मावळतो त्या जागेवर येऊ द्या. चंद्रापाशी दोरा कोणत्या दिशेने निघतो, तेवढेच पाहा. इतके मोठे अंतर एका नजरेत मावत नाही, मान वळवावी लागते आणि त्या वळणात आपण सरळ रेषेचा अंदाज क्षितिजाच्या आधाराने करतो.

कुतूहल
आज दोरा धरला. चंद्रापाशी तो उजळ बाजूच्या बरोबर मधून, आडवाच निघाला आणि मान वळवत गेल्यावर खाली सूर्याच्या जागेवर पोहोचला. मला पटले. सौभाग्यवतींना मात्र पटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे, की दोरा मध्यभागी वाकला होता आणि तो धरणारा मीच असल्यामुळे माझी साक्ष ग्राह्य धरता येणार नाही. उद्या दोरा त्या धरणार आहेत आणि मुठी मी मोजणार आहे; सव्वादहा भरायला हव्यात.