मदत हवी आहे: अप + लेफ्ट धरून स्पेस दाबली की स्पेस लागतच नाही

रंकाळा_रेसर: मंडळी नमस्कार, राजारामपुरीतनं दोन महिन्यांपूर्वी साडेचारशेचा कीबोर्ड आणलाय, टायपिंगला एकदम झकास आहे पण कार रेसिंग गेममध्ये अप म्हणजे ॲक्सिलरेटर, डावीकडं वळायला लेफ्ट आणि स्पेसला हँडब्रेक, तर अप-लेफ्ट दाबून धरलं आणि स्पेस मारली की गाडी सरळ भिंतीत. गंमत म्हणजे उजव्या वळणाला अप-राइट-स्पेस व्यवस्थित चालतंय! ड्रायव्हर काढून परत टाकला, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून बघितला, फरक शून्य. बॉक्सवर अँटी-घोस्टिंग लिहिलंय बरं का. बदलून मागितला तर दुकानदार म्हणतो गेममध्येच प्रॉब्लेम आहे.

तांबडा_पांढरा: यूएसबीवर एका वेळी सहाच की जातात भावा, त्यामुळं होतंय. पीएस-टूचं कन्व्हर्टर लाव, सुटेल.

मिसळ_कट्टा: माझ्यापण कीबोर्डची स्पेस गेलीय, चहा सांडला होता. उघडून स्पिरिटनं पुसला तरी चिकटच आहे, काय करू?

जुना_सोल्डर: मिसळराव, तुमची स्पेस एकटी दाबली तरी चालत नाही, त्याची चालते. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

तांबडा, सहाची मर्यादा बऱ्याच कीबोर्डांना असते हे खरं, पण हा गडी तिसऱ्याच कीला अडकलाय. कन्व्हर्टरनं काही होणार नाही.

रेसर, एक करून बघ. आधी लेफ्ट आणि स्पेस धर, मग अप दाब. मग अप आणि स्पेस धरून लेफ्ट. गेममध्ये नको, कुठल्याही ऑनलाइन की टेस्टरच्या पानावर कर.

रंकाळा_रेसर: केलं. जी शेवटी दाबतो ती लागत नाही, मग ती कुठलीपण असू दे. कुठल्यापण दोन मात्र लागतात. मित्राच्या लॅपटॉपला लावून बघितला, तिथंपण हेच.

जुना_सोल्डर: मग गेम सुटला, विंडोजपण सुटलं. दोष कीबोर्डच्या पोटात आहे, आणि खरं तर तो बिघाड नाही, बनावटच तशी आहे. असला स्वस्तातला कीबोर्ड उघडलास तर आत प्लास्टिकच्या पारदर्शक शीट दिसतील, त्यावर चंदेरी रेघा छापलेल्या. प्रत्येक कीला वेगळी वायर नसते, आडव्या आणि उभ्या रेघा जिथं एकमेकींवर येतात तिथं एक की. आता तीन की अशा दाबल्या गेल्या की त्या एका चौकोनाचे तीन कोपरे होतात, तर करंट उलटा फिरून चौथा कोपरापण दाबल्यासारखा दिसतो. ती न दाबलेली की म्हणजे खरं घोस्टिंग. आतल्या चिपला खरी कुठली आणि भूत कुठलं हे कळत नाही, म्हणून ती तिसरी कीच सोडून देते. तुझं तेच होतंय. राइट वेगळ्या रेघेवर असणार, म्हणून उजवं वळण चालतंय.

महागड्या कीबोर्डात प्रत्येक कीला एक डायोड असतो, करंट उलटा जातच नाही. तुझ्या छापील शीटवर डायोड बसवायला जागाच नाही, तेव्हा सोल्डरिंग आयर्न काढू नकोस.

तांबडा_पांढरा: मग बॉक्सवर अँटी-घोस्टिंग कशाला लिहितात?

जुना_सोल्डर: बारीक अक्षरात बघ, बहुतेक '१९ की' वगैरे लिहिलेलं असतं. सहसा डब्ल्यू, ए, एस, डीच्या आसपासच्या. ॲरो त्यात असतीलच असं नाही. रेसर, अप-लेफ्ट धरून ठेव आणि टेस्टरवर बाकीच्या एकेक दाबत जा, लागणाऱ्या लिहून काढ.

रंकाळा_रेसर: बॉक्सवर १९च आहे 😅 स्पेस, बी, एन लागत नाहीत. झेड, डावी शिफ्ट, डावा कंट्रोल लागतात. डब्ल्यू-ए-स्पेसपण लागतंय, पण शाळेपासून ॲरोवरच खेळतोय, आता बोटं वळत नाहीत.

जुना_सोल्डर: शिफ्ट-कंट्रोलच्या रेघा बहुतेक वेगळ्या काढलेल्या असतात, म्हणून त्या सहसा अडकत नाहीत. हँडब्रेक डाव्या शिफ्टवर टाक.

रंकाळा_रेसर: टाकला, वळण बसलं, नाद खुळा! पण पाचव्या ब्रेकला गेम खाली जाऊन विंडोजची कसलीतरी खिडकी वर आली, स्टिकी कीज चालू करू का विचारतेय 😭

जुना_सोल्डर: हाहा, शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती येतेच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, तिथं स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद कर. किंवा सरळ झेडवर टाक.

रंकाळा_रेसर: झेडवर टाकला, मस्त चाललंय. आता शेवटचं, धाकटा भाऊ आणि मी एकाच कीबोर्डवर दोघं खेळतो, तो डब्ल्यू-ए-एस-डीवर. तेव्हा परत सगळं बंद पडतंय.

जुना_सोल्डर: चार-पाच की एकदम आल्या की चौकोन कुठंतरी जुळणारच. माळ्यावर जुना यूएसबी कीबोर्ड असेल तर दुसऱ्या पोर्टला लाव. प्रत्येकाची शीट वेगळी, त्यामुळं एकाच्या कीनं दुसऱ्याची अडत नाही, आणि विंडोज दोन्ही एकदम घेतं.

रंकाळा_रेसर: आहे एक, पण गोल पिनवाला. ते कन्व्हर्टर इथं उपयोगी पडेल काय?

तांबडा_पांढरा: बघा, मी म्हणत होतोच कन्व्हर्टर!