थंबनेलवरून ए३ पोस्टर

> "यूट्यूबचं १२८० × ७२० चं थंबनेल आहे. त्याचंच ए३ पोस्टर छापायचंय. डीपीआय ३०० केला की झालं ना?"

नाही होणार. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके; तो आकडा बदलल्याने पिक्सेल वाढत नाहीत. आडवा ए३ ४२० मिमी, म्हणजे साडेसोळा इंच रुंद. त्यावर १२८० पिक्सेल पसरले तर इंचाला जेमतेम ७७ येतात. अक्षरांच्या कडा दातेरी दिसतील, चेहरे धुरकट. ३०० ने नीट छापायचं तर हे चित्र पावणेअकरा सेंटीमीटर रुंदीपुरतंच आहे, पोस्टकार्डाहूनही लहान.

दुसरी अडचण प्रमाणाची. थंबनेल १६:९, ए३ साधारण १.४१:१. कागद पूर्ण भरायचा तर दोन्ही बाजूंनी सुमारे १३१ पिक्सेल कापले जातात. नाव डावीकडे कडेला असेल तर पहिलं अक्षरच जाईल. ताणून बसवू नका, माणसं उभट दिसतात.

म्हणून उलटं करा. आधी ४९६१ × ३५०८ वर पोस्टर करा, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे छापून झाल्यावर कापली जाणारी जादा कड, वेगळं. मजकूर आणि चेहरे मधल्या पट्ट्यात ठेवा, वर-खाली साधारण ३६० पिक्सेल नुसती पार्श्वभूमी. ती कापली की १६:९ मिळतं, मग ते १२८० × ७२० ला लहान करा. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे व्हिडिओची वेळ येते.

प्रेसला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माझं एक पोस्टर तिथेच बिघडलं होतं.