घटक संपल्यावरची ‘मला जमतं’ यादी: द्यावी की बंद करावी?

करवीरची शिक्षिका (मूळ प्रश्न)
सहावीला दशांश अपूर्णांक संपला. अध्ययन निष्पत्तींवरून आठ वाक्यांची यादी केली, ‘मला दशांश अपूर्णांकांची तुलना करता येते’ अशी. शेवटी ‘तू काय शिकलास?’ हा प्रश्न. ३८ पैकी ३१ मुलांनी आठही चौकटींत खूण केली. दुसऱ्या दिवशी चाचणीत निम्मी मुलं तुलनेतच अडकली. यादी द्यावी की बंद करावी?

रंकाळाकाठ
बंद करा, मॅडम. आकारिकच्या नोंदी आहेतच, त्यात ही आणखी एक झेरॉक्स. पोरं बाईंचं तोंड बघून खूण करतात. आमच्याकडं तर एकानं केली की मागचा अख्खा बाक तशीच उतरवतो.

बीएडची वही
दोष मुलांचा नाही, वाक्याचा आहे. ‘तुलना करता येते’ म्हणजे नक्की काय, हे अकरा वर्षांच्या मुलानं कसं ठरवायचं? चौकटीशेजारी उदाहरण द्या: ०.४५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? आणि यादीला आकारिकमध्ये ५ गुण ठेवा, म्हणजे मनावर घेतील.

पालक, राजारामपुरी
आमच्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर असंच ‘स्वतःचे मूल्यमापन’ असतं. तो सगळीकडं ‘उत्तम’ लिहितो आणि सहीला माझ्यापुढं धरतो. शाळांनी हे घरी पाठवणं थांबवावं.

गगनबावडा, गणित
पालकांनो, तो विषय वेगळा. ही यादी घरी जाणारी नाही, वर्गातच राहणारी आहे.

‘बीएडची वही’ उदाहरण द्यायचं म्हणतात ते पटलं, पण एकावर भागत नाही. वर्गात दोन उलट्या चुका असतात. काही मुलं चिन्हापुढचा भाग साध्या संख्येसारखा वाचतात. ४५ हे ८ पेक्षा मोठे, म्हणून ०.४५ मोठी. आपणच ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’ वाचतो, तिथून हे सुरू होतं. ‘शून्य पूर्णांक चार पाच’ म्हणावं. दुसरी मुलं म्हणतात, शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून जास्त अंक असलेली संख्या नेहमी लहान. त्यांचं ०.८ हे उत्तर बरोबर येतं, कारण मात्र चुकीचं. तुमच्या एका उदाहरणात ती पास!

म्हणून सोबत दुसरी जोडी द्या: ०.३ आणि ०.३५. इथं पहिल्या गटातली मुलं बरोबर येतात आणि दुसऱ्या गटातली पडतात. दोन्ही जोड्यांत बरोबर आला, तरच खूण टिकली.

आता क्रम. आधी निळ्या पेनानं खूण: ‘एकट्यानं जमतं’, ‘मदतीनं जमतं’ किंवा ‘अजून नाही’. मग दोन्ही जोड्या सोडवायच्या. मग फळ्यावरचं उत्तर बघून, खोडरबर न वापरता, लाल पेनानं नवी खूण. निळ्याची लाल जिथं झाली, तेच मला वाचायचं असतं. एका मुलानं ‘एकट्यानं’ खोडून ‘मदतीनं’ केलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, दूध संस्थेत २.५ लिटरपेक्षा २.४५ लिटर जास्त वाटलं होतं, पण बापू २.५ लाच जास्त पैसे देतात, ते आठवलं. दुसऱ्या दिवशी धडा तिथूनच धरला.

‘काय शिकलास’ काढून टाका, त्याला ‘मजा आली’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी एकच प्रश्न: ‘कोणती खूण बदललीस, आणि कशामुळं?’

आणि गुण अजिबात नकोत. गुण ठेवले की लाल पेन कोण उचलेल?

बीएडची वही
दुसऱ्या जोडीचं माझ्या ध्यानात नव्हतं. गुणांबाबत मात्र पटत नाही. गुण नसले की आमच्या वर्गात निम्मी मुलं कोरी यादी देतात.

गगनबावडा, गणित
कोरी चौकटही उत्तरच आहे, बरोबरच्या खोट्या खुणेपेक्षा परवडते.

करवीरची शिक्षिका
म्हणजे आठ वाक्यांना सोळा उदाहरणं? तास ३५ मिनिटांचा आहे हो.

गगनबावडा, गणित
आठ नको, तीन घ्या: तुलना, उभ्या मांडणीतली बेरीज आणि व्यवहारातलं उदाहरण. बेरजेला २.५ + १.२५ द्या. चिन्हाखाली चिन्ह न घेता उजवीकडून अंक जुळवले तर १.५० येतं, आणि चिन्हाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मिळवल्या तर ३.३०. उत्तर ३.७५ नसलं तरी कुठं घोळ झाला ते कळतं. बाकीच्या निष्पत्ती वहीतच दिसतात.

रंकाळाकाठ
तीनवर आलात, तेव्हा जरा ऐकायला बरं वाटलं. पण माझ्याकडं एकाच वर्गाला चार विषय आहेत. प्रत्येक घटकाला लाल-निळं मी वाचत बसणार नाही. तुमच्या गणितापुरतं ठीक, भाषेच्या घटकाला अशी जोडी कुठून आणणार ते सांगा. ‘कवितेचा भावार्थ सांगता येतो’ यावर दोन उलट्या चुका काढून दाखवा.

गगनबावडा, गणित
ते मला जमणार नाही, मी गणिताचा माणूस. इथं कुणी मराठीच्या बाई असतील तर बोला.