'ओव्हरप्लॉटिंग'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका
संख्याशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाचा अनुवाद करताना मी 'ओव्हरप्लॉटिंग'साठी 'बिंदूंची दाटी' असे लिहिले होते. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'अतिआलेखन' केले. त्यातून 'फार आलेख काढले' असा अर्थ निघतो, म्हणून मला तो शब्द पटत नाही. उदाहरण 'आर' प्रणालीतल्या ५३,९४० हिऱ्यांचे आहे: आडव्या अक्षावर कॅरट, उभ्या अक्षावर डॉलरमधली किंमत. प्रत्येक हिऱ्याला एक काळा ठिपका दिला, की चित्रात वर चढत जाणारा नुसता काळा पट्टा उरतो. तुम्ही कोणता शब्द वापराल?

वाटसरू
'दाटी'च ठेवावा. आमच्याकडे 'पेरा दाट झाला' म्हणतात, तेव्हा हेच सांगायचे असते. उपायही विरळणीसारखाच सोपा आहे: ठिपके एकदशांश गडद ठेवले, की खालचे आपोआप दिसू लागतात.

आकडेमोड
मला 'दाटी' नेमका उलटा वाटतो. दाटी हिऱ्यांमध्ये आहे, आणि चित्राचा दोष हा, की ती दाटी त्यात दिसत नाही. एका जागी दोन ठिपके असोत वा दोनशे, काळा रंग तेवढाच काळा राहतो.

एकदशांश गडदपणाही इथे पुरत नाही. दहा ठिपके एकावर एक आले, की जागा सुमारे ६५ टक्के काळी होते आणि पन्नास आले की ९९ टक्क्यांच्या वर जाते; त्यापुढे पन्नास आणि पाचशे यांत डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून मी एकशतांश घेतो:

```r
library(ggplot2)
ggplot(diamonds, aes(carat, price)) +
  geom_point(alpha = 1/100)
```

आता पट्ट्यातून उभ्या रेघा वर येतात आणि त्यांतली एक बरोबर १ कॅरटवर असते. ०.९९ कॅरटचे हिरे २३ आहेत, तर १.०० चे १,५५८. पूर्ण काळ्या चित्रात ही उडी दिसत नाही. मात्र याचीही किंमत मोजावी लागते: ५.०१ कॅरटचा सर्वांत मोठा हिरा उजवीकडे जवळजवळ एकटा पडतो आणि कागदावरून पुसल्यासारखा होतो.

जुना छापखाना
आमच्याकडे याला 'ओव्हरप्रिंट' म्हणत आणि तो दोष नव्हता. पिवळ्यावर निळी शाई चढवली, की हिरवा मिळायचा, कारण त्या शायाच पारदर्शक असत.

आकडेमोड
आपला मुद्दा वेगळा आहे, पण शाईचे उदाहरण मला उपयोगी वाटते. खालचा थर जिथे रंगात भर घालतो, तिथे काही हरवत नाही. अपारदर्शक ठिपका तो थर झाकून टाकतो. म्हणून शब्दात 'झाकणे' यायला हवे. माझी सूचना 'बिंदुआच्छादन'.

संस्कृतप्रेमी
वेदान्तात 'अध्यारोप' हा शब्द सिद्ध आहे. एकावर दुसऱ्याचा आरोप झाल्याने मूळ वस्तू दिसेनाशी होते, हाच भाव येथे आहे. तयार शब्द असताना नवा जोड कशासाठी?

वाटसरू
दोरीच्या जागी साप दिसतो, तो अध्यारोप. इथे ठिपक्याखाली ठिपकाच आहे, दुसरी वस्तू नाही. बारावीच्या मुलाला हा शब्द आधी समजावून सांगावा लागेल.

भूगोलशिक्षिका
शाळेत नकाशाच्या टिंब पद्धतीत आम्ही 'टिंबे एकमेकांत मिसळली' असे सरळ म्हणतो. तसे होऊ नये म्हणून एका टिंबाचे मूल्य वाढवतो, म्हणजे टिंबे कमी होतात. घनतेच्या वेढ्यांना तुम्ही काय म्हणता? समोच्च रेषेच्या धर्तीवर 'समघनता रेषा' मुलांना लगेच कळेल.

आकडेमोड
'समघनता रेषा' उत्तमच आहे. टिंबाचे मूल्य वाढवण्याशी षट्कोनांची पद्धत जुळते: पान षट्कोनांत विभागायचे, प्रत्येकात किती हिरे पडले ते मोजायचे आणि त्या संख्येनुसार रंग द्यायचा. एकटा हिराही एका षट्कोनात दिसतो, हा मोठा फायदा. पण `geom_hex` आपण होऊन ३० विभाग घेते, तेव्हा एक षट्कोन सुमारे ०.१६ कॅरट रुंद होतो. ०.९९ आणि १.०० सहसा एकाच षट्कोनात पडतात आणि ती उडी पुन्हा नाहीशी होते. समघनता रेषा तर मुळातच गुळगुळीत केलेल्या घनतेवर काढतात, त्यामुळे सरळ कडा टेकडीच्या उतारासारखी दिसते. म्हणून या तीन चित्रांपैकी एकच छापायचे असेल, तर मी एकशतांशवाले छापेन.

अनुवादिका
'आच्छादन' मी सरांना सुचवते, कारण माझी चूक आता मला दिसते आहे. पण त्या एकेका षट्कोनाला, म्हणजे 'बिन'ला, काय लिहू? मी 'खण' लिहिले आहे.

संस्कृतप्रेमी
'कोष्ठ' लिहावे.

भूगोलशिक्षिका
खण चौकोनी असतो. पोळ्यात असते ते 'घर'.

जुना छापखाना
टाइपकेसमधल्या प्रत्येक कप्प्याला आम्ही 'घर'च म्हणत होतो, आणि ते चौकोनी असे.