उतारा वाचताना खुणा आणि समासात प्रश्न : मुलांना शिकवावं की नको?

कारेलीबागची_शिक्षिका
बडोद्यात दांडिया बझारात रविवारी मराठी वाचनाचा वर्ग घेते. सातवी-आठवीची मुलं, निम्मी गुजराती माध्यमाची, निम्मी इंग्रजी. उतारा वाचताना खुणा करायच्या आणि समासात प्रश्न लिहायचे, असं सुरू करायचा विचार आहे. काही पालक म्हणतात, आधी सरळ वाचू तर द्या. तुमचं मत काय?

निवृत्त_मास्तर
पालक बरोबर बोलतायत. हातात पेन्सिल दिली की मूल वाचत नाही, रेघा मारतं. आमच्या शाळेत रंगीत पेनांची लाट आली होती, तेव्हा पानं पिवळीधमक व्हायची आणि "उताऱ्यात काय सांगितलंय?" विचारलं की वर्ग छताकडे बघायचा. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखन आणि रंगवणं त्यात तळाच्या गटात आलं. आणखी काय पुरावा हवा?

रावपुऱ्याची_आजी
पुस्तकावर लिहायला शिकवताय? आमच्या वेळी पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचो. परवाच ग्रंथालयातून कादंबरी आणली, तर कुणी महाभागानं दर पानावर "वा!" आणि "हे खोटं" लिहून ठेवलेलं. खुनी कोण तेही चाळिसाव्या पानावरच लिहून टाकलं होतं!

कारेलीबागची_शिक्षिका
आजी, मुलांना उताऱ्याची झेरॉक्स देणार आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकाला हात लावणार नाही.

पाठ_निरीक्षक
मास्तर, तुम्ही सांगितलेला आढावा खरा आहे, पण तो अर्धाच सांगितलात. रेघ मारायला विचार लागत नाही, म्हणून ती तळाला गेली. "हे असं का?" असं स्वतःला विचारून उत्तर शोधणं त्याच आढाव्यात मधल्या गटात आहे. म्हणजे समासातल्या प्रश्नाची बाजू तुमच्याच साक्षीदारानं घेतली आहे. अर्थात प्रश्न खरा असेल तर.

ताई, चारच खुणा ठेवा. अमेरिकेत १९८०च्या दशकात 'इन्सर्ट' नावाची रीत आली, तिच्या सुटसुटीत रूपात या चार आहेत: ✓ माहीत होतं, + नवीन कळलं, − मला उलट वाटत होतं, ? कळलं नाही. पहिलं वाचन पेन्सिल खाली ठेवून. दुसऱ्या वाचनात परिच्छेद संपला की थांबून खुणा.

आपल्याकडचाच उतारा घेऊन दाखवतो:

"महाराजा सयाजीरावांनी बडोदा संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला. पुढे १९०६ मध्ये ही सक्ती संपूर्ण संस्थानात लागू झाली. शिक्षण मोफत असूनही काही पालक मुलांना शाळेत पाठवायला तयार नव्हते."

सयाजीरावांचं नाव इथल्या मुलांना माहीत असतं, त्यामुळे बहुतेक जण तिन्ही वाक्यांना ✓ करून मोकळे होतात. एका मुलानं मात्र दुसऱ्या वाक्यापाशी − केलं. त्याची समजूत होती की महाराजांनी हुकूम काढला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे शाळा सुरू झाल्या. बाकीच्यांनी खरं तर वाचलंच नव्हतं, ओळखीचं नाव दिसलं म्हणून ✓ केलं होतं. माझ्या मते चारांत − ही सगळ्यात मोलाची खूण, आणि मुलं तीच सगळ्यात कमी वापरतात.

आता प्रश्न. मुलांचा पहिला प्रश्न हमखास असतो, "सक्ती केव्हा लागू झाली?" त्याचं उत्तर त्याच ओळीत आहे, तो खोडायला सांगायचा. त्या मुलानं मग लिहिलं, "मध्ये तेरा वर्षं का गेली?" एका मुलीनं लिहिलं, "फी नव्हती, मग घरचे नाही का म्हणत होते?" दुसऱ्या प्रश्नावर वर्गात अंदाज आले की मूल शेतात हाताशी लागायचं, मुलींना धाकटी भावंडं सांभाळावी लागायची. पहिल्याचं उत्तर या तीन वाक्यांत नाही. अशा प्रश्नापुढे "बा" लिहायचं, म्हणजे बाहेर शोधायचं. पुढच्या वर्गात त्यातला एक तरी प्रश्न परत घ्या, नाहीतर समासात लिहिलेलं कुणी बघत नाही हे मुलं लगेच ओळखतात.

जमलं की नाही हे तपासायला उतारा कागदानं झाका, समास उघडा ठेवा आणि मुलाला मजकूर सांगायला लावा. समासात नुसतं "अमरेली", "महत्त्वाचं" असेल तर ते अडतं. "तेरा वर्षं का?" असेल तर अमरेली, संस्थान, दोन्ही सालं, सगळं ओळीनं येतं.

मांजलपूरचा_बाबा
आमच्या मुलीच्या शाळेत हेच चालतं. दर पानाला तीन प्रश्न आणि पाच खुणा, त्यावर वहीचे गुण. ती आधी धड्याखालची उत्तरं पाठ करते, मग त्यांचे प्रश्न बनवून समासात टाकते. खुणा शेवटी पाच पुरतील अशा कुठेही. बाईंचा शेरा "छान". मला यातलं वाचन कुठे आहे ते दाखवा.

पाठ_निरीक्षक
कुठेच नाही. संख्या ठरवून गुण दिले की मूल संख्या भरतं. खुणांना गुण नकोतच. प्रश्न पानाला एक आला तरी चालेल, आणि एखाद्या पानाला शून्य आला तर तोही खरा असू शकतो. सुरुवातीला ताईंनी फळ्यावर उतारा लावून स्वतः मोठ्यानं बोलत खुणा कराव्यात, आपण कुठे थांबलो, का थांबलो, हे मुलांच्या कानावर पडू द्यावं. खुणांची यादी देऊन सोडून दिलं की बाबा म्हणतात तेच होतं.

निवृत्त_मास्तर
ठीक, प्रश्नाचं मानलं. पण ताईंची निम्मी मुलं गुजराती माध्यमाची आहेत, हे कुणी लक्षात घेत नाहीये. त्यांच्या रोजच्या लिपीला शिरोरेघ नाही. मराठीची ओळ ती अजून अक्षरं लावत वाचतात. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, त्यात "माझी समजूत उलट होती का?" हा विचार कोण करणार? त्या मुलाची ? बघा, सगळ्या शब्दांवर असतील.

पाठ_निरीक्षक
हे शंभर टक्के खरं. अडलेल्या शब्दाभोवती नुसतं वर्तुळ करायला सांगा आणि ? वाक्याच्या अर्थासाठी राखून ठेवा. पान वर्तुळांनी भरलं तर उतारा त्या मुलाला जड आहे. मग त्याच्या खुणा थांबवा, आधी सोबतीनं मोठ्यानं वाचन घ्या.

कारेलीबागची_शिक्षिका
म्हणजे एकाच वर्गात दोन गट करावे लागतील. आणि गोष्टींचं काय? माहितीच्या उताऱ्याला हे पटतंय, पण कथेत ✓ आणि + कुठे करायचं?

निवृत्त_मास्तर
कुठेच नाही. कथेला पेन्सिल लावायची नाही.

पाठ_निरीक्षक
✓ आणि + नकोत, मान्य. पण "आता हा काय करेल?" एवढा प्रश्न वाचता वाचता लिहिला तर माझ्या अनुभवानं मुलं पुढचं पान जास्त उत्सुकतेनं उलटतात.

निवृत्त_मास्तर
ती उत्सुकता गोष्टीची असते हो, तुमच्या पेन्सिलीची नाही.

रावपुऱ्याची_आजी
कथेत करायचंच असेल तर खुनी कोण ते तेवढं लिहू देऊ नका.

कारेलीबागची_शिक्षिका
या रविवारी अमरेलीचाच उतारा घेते, चार खुणा, गुण नाहीत. गुजराती माध्यमाच्या मुलांना आधी मोठ्यानं वाचायला लावेन. कथेचं अजून ठरत नाहीये, मास्तर.