मदत हवी आहे: इन्कम टॅक्सची तक्रार 'निकाली', पण मागणी तशीच उभी

निशिगंधा_प: बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त. करनिर्धारण वर्ष २०२२-२३ च्या रिटर्नमध्ये एफडीच्या व्याजावर कापलेला १८,४०० रुपयांचा टीडीएस दाखवला होता. बँकेने तो उशिरा भरल्यामुळे तेव्हा २६एएस या करकपातीच्या विवरणपत्रात दिसत नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिटर्न तपासल्यावर येणारी १४३(१) ची सूचना आली आणि बरोबर १८,४०० चीच मागणी निघाली. आता २६एएसमध्ये पूर्ण रक्कम दिसते. जून २०२४ मध्ये चूक दुरुस्तीसाठी रेक्टिफिकेशन टाकलं, तर अधिकार एओकडे, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या करनिर्धारण अधिकाऱ्याकडे, वर्ग झाल्याचा संदेश आला. मग पोर्टलवर तक्रार केली. महिन्याभराने 'आपल्या एओशी संपर्क साधा' एवढंच लिहून ती बंद झाली. दोन वेळा वॉर्डात जाऊन आलो, साहेब भेटले नाहीत. बाबांना रात्री झोप लागत नाही. आता वर कोणाकडे जायचं आणि काही हललं की नाही हे कुठे बघायचं?

दत्ता७२: ताई, इन्कम टॅक्स ओम्बड्समनकडे लेखी तक्रार करा, फुकट असतं. आमच्या साहेबांचं काम तिथूनच झालं होतं.

रमेश_कोथरूड: माझा रिफंड सहा महिने अडकला होता. बँक खातं व्हॅलिडेट केलं, रिफंड रीइश्यू टाकला, आठ दिवसांत पैसे जमा. तेच करा.

निशिगंधा_प: रमेशजी, आमचा रिफंड अडकलेला नाही, उलट आमच्याकडूनच मागताहेत.

वसुधा_करसल्लागार: दत्ताजी, पूर्वी ते खरं होतं, पण ओम्बड्समनची पदं २०१९ मध्येच रद्द झाली.

निशिगंधा, आधी एक सांग. तक्रार करताना विभाग कोणता निवडलास? आणि अधिकार एओकडे गेल्यावर त्यांच्याकडे वेगळा अर्ज केलास का?

निशिगंधा_प: विभाग `CPC-ITR` निवडला होता. वेगळा अर्ज नाही केला. जूनचा अर्ज आपोआप तिकडे गेला असं धरून चाललो.

वसुधा_करसल्लागार: गाडी तिथेच अडली आहे. सीपीसी म्हणजे रिटर्न तपासणारं केंद्र. त्यांच्या हातात आता अधिकार नाहीत आणि तक्रार त्यांच्याकडेच गेली, म्हणून ते उत्तर आलं. आणि अधिकार वर्ग झाले म्हणजे एओच्या टेबलावर तुमचा अर्ज पडलाच असेल असं नाही. म्हणून `Services` मध्ये `Rectification` उघडून `Request to AO seeking rectification` निवडा आणि नवा अर्ज टाका. सोबत २६एएस आणि बँकेचं टीडीएस प्रमाणपत्र जोडा. मुदतीची चिंता नको. सूचना नोव्हेंबर २०२२ ची, म्हणजे त्या आर्थिक वर्षाअखेरपासून चार वर्षं, ३१ मार्च २०२७ पर्यंत.

कलम १५४(८) प्रमाणे, अर्ज मिळालेला महिना संपल्यापासून सहा महिन्यांत एओने निर्णय द्यायचा असतो. त्यामुळे पोचपावती जपून ठेवा, पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा आधार तीच.

निशिगंधा_प: मग सहा महिने नुसतं थांबायचं?

वसुधा_करसल्लागार: नाही. दरम्यान `Response to Outstanding Demand` मध्ये जाऊन मागणी अमान्य असल्याचं नोंदवा, म्हणजे तुम्ही गप्प बसलात असं होणार नाही. अर्जाला दीड-दोन महिने झाले की पोर्टलवर पुन्हा तक्रार, पण या वेळी `AO` निवडून. मजकूर चार ओळींचा ठेवा: अर्जाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि नेमकी मागणी, 'कलम १५४ खाली आदेश द्यावा'. बाबांच्या तब्येतीबद्दल तिथे लिहू नका, त्यात मूळ मुद्दा हरवतो.

तीही तशीच बंद झाली तर pgportal.gov.in वर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार यंत्रणेत तक्रार करा. तिथे सीबीडीटी, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, निवडून जुन्या दोन्ही तक्रारींचे क्रमांक द्या. साधारण २१ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. असमाधानकारक वाटला तर अभिप्रायात `Poor` निवडल्यावर अपील करता येतं, ३० दिवसांच्या आत.

दत्ता७२: म्हणजे त्या अपिलात मागणीच रद्द करून घेता येईल?

वसुधा_करसल्लागार: नाही, ते अपील तक्रार नीट हाताळली का एवढ्यापुरतंच. कर रद्द करणारा आदेश एओकडूनच यायचा.

निशिगंधा_प: आणि स्टेटस?

वसुधा_करसल्लागार: सीपीग्राम्सवर `View Status` मध्ये नोंदणी क्रमांक आणि मोबाइल किंवा ईमेल टाकला की दिसतं. पण तक्रारीच्या `Closed` वर विश्वास ठेवू नका, तो शेरा फक्त कागद पुढे सरकल्याचा. खरं बघायचं ते `Response to Outstanding Demand`. तिथली १८,४०० ची नोंद गेली किंवा शून्य झाली तरच काम झालं.

निशिगंधा_प: अर्ज आज टाकला, पोचपावतीची प्रिंट बाबांच्या फायलीत लावली. एकच राहिलं. यंदाच्या रिफंडमधून ९,८०० रुपये या मागणीपोटी वळते करून घेतलेत. ते परत मिळताना व्याज मिळेल का?

वसुधा_करसल्लागार: मागणी शून्य झाल्यावर वळती केलेली रक्कम परत मिळायला हवी. व्याजाचा हिशोब कुठल्या तारखेपासून लावतात यावर मात्र वाद होतात. आदेश हातात आला की इथे टाक, मग बघू.

रमेश_कोथरूड: माझ्याही २०१९-२० च्या वर्षाला एक जुनी मागणी दिसते आहे, आत्ताच लक्षात आलं. सूचना २०२१ ची होती. चार वर्षांचं ते गणित मला लागू होईल का?